राजगडाचं चंद्रतळं दोन नकाशांत दोन जागी का दिसतं?

प्रश्न: आम्ही दरवर्षी राजगडाला ग्रुप घेऊन जातो. यंदा फोनवर दोन वेगळ्या कंपन्यांचे सॅटेलाइट नकाशे उघडले, तर बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं एकात जिथे आहे त्यापासून दुसऱ्यात जवळजवळ चाळीस मीटर बाजूला दिसतं. कोणी म्हणतं सरकार मुद्दाम नकाशे सरकवतं, कोणी म्हणतं जीपीएसच चुकतं. नेमकं कारण काय, आणि धुक्यात कोणत्या नकाशावर भरवसा ठेवायचा?

उत्तर:

बालेकिल्ल्यावर तरी दोन्हींपैकी एकावरही नाही. तळं खरं जिथे आहे ती जागा बहुतेक त्या दोन चित्रांच्या मधे कुठेतरी असते. असं का, ते एकदा नीट समजलं की राजगडच काय, सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर कोणता नकाशा किती चुकतोय याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या बांधता येईल. मी सर्वेक्षणाच्या कामात वीस वर्षांहून जास्त काळ आहे आणि डोंगरातली ही चूक मी पुन्हा पुन्हा मोजली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घरगुती प्रयोग करा. फरशीवर उंच स्टीलचा पेला ठेवा. चार पावलं मागे या, एक डोळा मिटा आणि तिरकं बघा. पेल्याचा तळ ज्या फरशीवर टेकलाय ती फरशी दिसते, पण पेल्याची कड मात्र त्याच्या मागच्या दुसऱ्याच फरशीवर पडलेली दिसते. आता डोकं डावीकडे न्या, कड उजवीकडच्या फरशीवर जाईल. उजवीकडे न्या, डावीकडच्या. पेला जागचा हललेला नाही. आता समजा तुमच्या हातात या दृश्याचा फक्त फोटो आहे आणि पेला किती उंच आहे हे तुम्हाला माहीतच नाही. मग ‘कड कोणत्या फरशीवर आहे’ या प्रश्नाला तुम्ही चुकीचंच उत्तर द्याल, आणि ती चूक नेहमी तुमच्यापासून लांबच्या बाजूला असेल.

उपग्रहाचं हेच होतं. आपल्याला वाटतं की तो गडाच्या बरोबर डोक्यावर येऊन फोटो काढतो. तसं क्वचितच घडतं. जास्त बारकाव्याचे फोटो काढणारे उपग्रह आपल्या वाटेने जाता जाता कॅमेरा तिरपा करून बाजूचा प्रदेश टिपतात. सरळ खाली बघणाऱ्या रेषेपासून दहा, वीस, कधी तीस अंशांचा कल असतो. असा तिरका फोटो नकाशावर बसवण्यासाठी त्यातल्या प्रत्येक ठिपक्याची उंची माहीत असावी लागते, कारण उपग्रहापासून निघालेली दृष्टिरेषा जमिनीला नेमकी कुठे टेकते ते उंचीवरूनच ठरतं. ही उंची घेतात उंचीच्या तयार मॉडेलमधून, म्हणजे ज्यात जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला एक उंचीचा आकडा दिलेला असतो अशा जाळीतून. फोटो कितीही सुंदर असो, त्या जाळीतला आकडा चुकला की ठिपका सरकला.

बालेकिल्ल्यावर तो आकडा चुकतो. जगभर सर्वांत जास्त वापरलेलं उंचीचं मॉडेल म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानातून रडारने मोजलेलं. अकरा दिवसांच्या त्या मोहिमेत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मिळाली, आणि त्याबद्दल आमच्या धंद्यातले लोक आजही ऋणी आहेत. पण आपल्याला अनेक वर्षं ते मॉडेल नव्वद मीटरच्या चौकोनांत मिळत होतं, तीस मीटरचं नंतर आलं. आता बालेकिल्ला डोळ्यांसमोर आणा. चहूबाजूंनी तुटलेला कातळ, माथा त्या मानाने लहान, दरवाजाकडे चढणारी ती अरुंद खडी वाट. नव्वद मीटरच्या एका चौकोनात थोडा माथा येतो, थोडा कडा येतो, थोडा खालचा उतारही येतो. त्या सगळ्याला मिळून एकच आकडा. परिणाम असा की मॉडेलमध्ये बालेकिल्ला उभा कातळ राहतच नाही, वितळलेल्या मेणासारखी एक बुटकी टेकडी होते. माथा खऱ्यापेक्षा तीस, चाळीस, पन्नास मीटरने खाली जातो. शिवाय तिरक्या रडारला उभ्या कड्यांच्या आड नीट दिसत नाही, तिथे काही आकडे शेजारच्यांवरून भरलेले असतात.

मॉडेलने माथा जितका खाली दाखवला त्या प्रमाणात तो चित्रात आडवा सरकतो. हिशेब अगदी शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे: उंचीतली चूक गुणिले कलाच्या कोनाचा टॅन.

```
सरकणे = उंचीतली चूक × tan(कॅमेऱ्याचा कल)
४७ × tan(२८°) = ४७ × ०.५३ ≈ २५ मीटर
४७ × tan(१५°) = ४७ × ०.२७ ≈ १३ मीटर
```

हे आकडे मी उगाच घेतलेले नाहीत. मागच्या हिवाळ्यात एका कामासाठी राजगडावर गेलो होतो तेव्हा मी तीन जागा मोजल्या: खाली गुंजवण्यातल्या एका देवळाच्या ओट्याचा कोपरा, पद्मावती माचीवर पद्मावती देवीच्या मंदिराजवळची मोकळी जागा, आणि बालेकिल्ल्यावर चंद्रतळ्याची एक ठळक कड. हातात दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा जीपीएस रिसीव्हर होता, प्रत्येक ठिकाणी तो वीस मिनिटं स्थिर ठेवला. मग दोन नकाशांतल्या सॅटेलाइट चित्रांवर त्याच तीन जागा शोधून त्यांचे अक्षांश-रेखांश टिपले.

गुंजवण्यात पहिला नकाशा तीन मीटर बाजूला होता, दुसरा पाच. चित्रावर ओट्याचा कोपरा नेमका कुठे टेकतो हे बोटाने दाखवतानाच एवढा फरक पडतो, त्यामुळे मी तो फरक मानतच नाही. पद्मावती माचीवर पहिला आठ मीटर पूर्वेला गेला आणि दुसरा चार मीटर पश्चिमेला. बालेकिल्ल्यावर पहिला पंचवीस मीटर पूर्वेला, दुसरा बारा मीटर पश्चिमेला. दोघांतलं अंतर सदतीस मीटर, म्हणजे तुम्हाला दिसलेले ‘जवळजवळ चाळीस’.

जसजसं वर चढलो तसतशी चूक वाढत गेली, आणि दोन्ही नकाशे विरुद्ध दिशांना गेले. या दोन गोष्टींनीच माझं उत्तर ठरलं. जीपीएस चुकत असतं तर दोन्ही चित्रं माझ्या मापापासून एकाच बाजूला सरकलेली दिसली असती. कोणी मुद्दाम सरकवलं असतं तर गुंजवण्यातही सरकवलं असतं. चूक उंचीबरोबर वाढते याचा अर्थ ती उंचीतूनच आली आहे.

नंतर मी त्या दोन्ही चित्रांच्या तारखा काढल्या आणि चित्रं विकणाऱ्यांच्या याद्यांत त्यांचा कल पाहिला. तिथे प्रत्येक चित्रासमोर तो लिहिलेला असतो. पहिलं चित्र पश्चिमेकडून सुमारे अठ्ठावीस अंश तिरकं घेतलेलं, दुसरं पूर्वेकडून सुमारे पंधरा अंश. त्या नकाशांनी उंचीचं कोणतं मॉडेल वापरलं ते बाहेर सांगितलेलं नाही, पण नव्वद मीटरच्या मॉडेलमध्ये त्या जागी मला माझ्या मापापेक्षा सत्तेचाळीस मीटर कमी उंची मिळाली. वरचा हिशेब मांडला तर पहिल्यासाठी पंचवीस येतात आणि दुसऱ्यासाठी तेरा. मोजलेले होते पंचवीस आणि बारा. दोन वेगळ्या उपग्रहांची, वेगळ्या वर्षांची, वेगळ्या बाजूंची दोन चित्रं उंचीच्या त्याच एका चुकीकडे बोट दाखवतात, तेव्हा कारणाबद्दल शंका उरत नाही.

पेल्याचा नियम इथेही तसाच लागू होतो: मॉडेलने उंची कमी धरली असेल तर माथा उपग्रहापासून लांबच्या बाजूला सरकतो. पश्चिमेकडून काढलेल्या चित्रात तळं पूर्वेला गेलं, पूर्वेकडून काढलेल्यात पश्चिमेला. खरं तळं मधे, आणि ज्या चित्राचा कल कमी त्याच्या जवळ.

आता तुम्ही म्हणाल, उपग्रह कोणत्या बाजूला होता हे आम्हाला कसं कळणार? चित्राकडे नीट बघा, ते स्वतःच सांगतं. गडाच्या ज्या बाजूचा कडा चित्रात रुंद, पसरलेला, कातळाच्या आडव्या थरांसकट दिसतो, उपग्रह त्या बाजूला होता. पलीकडच्या बाजूचा कडा नुसत्या रेघेसारखा दबलेला दिसतो. फक्त सावलीला कडा समजू नका. सकाळच्या उन्हात पश्चिमेकडचे कडे काळे पडतात आणि ती काळी पट्टी खूप रुंद वाटते, पण तिच्यात कातळाचे थर दिसत नाहीत. शहरात हे आणखी सोपं असतं: उंच इमारतीची कोणती भिंत दिसते ते बघा. पश्चिमेची भिंत दिसत असेल तर उपग्रह पश्चिमेला होता आणि इमारत पूर्वेकडे झुकलेली दिसेल. भिंत जितकी लांब पसरलेली, तितका कल जास्त. पुण्या-मुंबईत एखाद्या टॉवरची गच्ची दोन नकाशांत वीस-तीस मीटर इकडेतिकडे दिसते ती याचमुळे. सपाट जमिनीचं मॉडेल कितीही बरोबर असलं तरी त्यात इमारती धरलेल्या नसतात. म्हणून इमारतीची जागा टिपायची असेल तर गच्चीवर बोट ठेवू नका, पायाचा कोपरा जिथे जमिनीला लागतो तिथे ठेवा.

याहून खात्रीचा प्रयोग डेस्कटॉपवरच्या ‘गूगल अर्थ प्रो’वर करता येतो, तो मोफत आहे. चंद्रतळ्याच्या कडेवर खूण ठेवा आणि जुनी चित्रं दाखवणारी पट्टी उघडून वर्षामागून वर्ष मागे जा. खूण जागची हलणार नाही, पण तिच्याखालचं तळं कधी इकडे, कधी तिकडे उडी मारताना दिसेल. मग तीच खूण गुंजवण्यातल्या शेताच्या बांधावर ठेवून बघा. बांध फारसा हलत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. एकाच कंपनीच्या नकाशात तळं इतक्या ठिकाणी असू शकतं हे एकदा पाहिलं की ‘या कंपनीचा नकाशा चांगला की त्या’ हा प्रश्न आपोआप बदलतो. भरवसा ठेवायचा तो कंपनीवर नसतो, त्या जागेच्या त्या विशिष्ट चित्रावर असतो. आणि ते चित्र पुढच्या वर्षी बदललेलं असू शकतं. बऱ्याचदा झूम कमी-जास्त केल्यावरही वेगळं चित्र समोर येतं, किंवा एकाच गडावर दोन चित्रं जोडलेली असतात. पायवाट मधेच तुटून दोन-चार पावलं बाजूने पुढे सुरू झालेली दिसली तर तो त्या चित्रांचा सांधा आहे.

उपग्रह कंपन्या पाच मीटरच्या आतली अचूकता सांगतात, मग हे कसं, असंही मला विचारतात. ते खोटं नाही. पण तो आकडा उंचसखल जमिनीचा आणि कॅमेऱ्याच्या कलाचा परिणाम वगळून दिलेला असतो, आणि राजगडावर आपल्याला नेमका तोच परिणाम भोवतो.

आता ज्या दुसऱ्या कारणांनी तीस-चाळीस मीटर सरकतात त्यांच्याकडे वळतो, कारण तुमच्या पुढच्या गडावर कारण वेगळं असू शकेल.

त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते समुद्रसपाटीचं. कोकणातल्या किनाऱ्यावर उभं राहून फोनमधलं जीपीएसचं कच्चं माप दाखवणारं ॲप उघडलं आणि उंचीच्या जागी उणे साठच्या पलीकडचा आकडा आला, असं तुमच्यापैकी कोणाला तरी झालं असेल. फोन बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून, आणि पश्चिम महाराष्ट्रात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. सॅटेलाइट चित्र बसवताना एका पद्धतीची उंची दुसऱ्या पद्धतीची समजून वापरली, तर अख्ख्या चित्राला पासष्ट मीटरची चूक एकदम लागते. पंचवीस अंशांच्या कलाला ती तीस मीटर होते. पण तेव्हा गुंजवणंही तितकंच सरकतं आणि बालेकिल्लाही तितकाच जास्तीचा सरकतो. म्हणून मी मोजमाप नेहमी पायथ्याच्या सपाट जागेपासून सुरू करतो. पायथ्यालाच वीस-तीस मीटर फरक आला तर चूक सगळ्या चित्राची आहे, आणि पायथ्याला जुळून वर फुटत गेलं तर ती डोंगराच्या आकाराची आहे.

दुसरं कारण जुने नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट ज्या गणिती आकारावर आधारले आहेत तो जॉर्ज एव्हरेस्टच्या काळातला, १८३० चा. आजचं जीपीएस वेगळ्या आकारावर चालतं. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून फोनमध्ये भरले तर महाराष्ट्रात शंभर मीटरहून थोडा जास्त फरक पडतो, आणि तो सगळीकडे जवळजवळ एकाच दिशेला असतो. रूपांतर नीट करून घेतलं तर हा फरक जातो. तरीही पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवरचे पंचवीस मीटर, हे विसरू नका. २००५ च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठी निघालेले नवे शीट आजच्या आकारावरच आहेत, त्यांना हे रूपांतर लागत नाही.

सरकार मुद्दाम सरकवतं या समजुतीचं मूळ बहुधा चीनमध्ये आहे. तिथे कायद्यानेच नकाशांचे अक्षांश-रेखांश एका ठरावीक गणिताने काही शे मीटर सरकवलेले असतात, त्यामुळे शांघायसारख्या शहरात सॅटेलाइट चित्र आणि त्यावरचे रस्ते एकमेकांवर बसत नाहीत. आपल्याकडे असं सरकवण्याचा नियम नाही. राजगडावर तर नाहीच, ते वरच्या मापांतून दिसलं.

आणि काही वेळा फरक चित्रात नसतोच, पिनमध्ये असतो. ‘राजगड’ असं शोधल्यावर एका नकाशाची पिन पद्मावती माचीवर पडेल, दुसऱ्याची तिन्ही माच्यांच्या मधोमध, तिसऱ्याची एखाद्या भेट देणाऱ्याने जिथे ठेवली तिथे. कोणीतरी अंश-मिनिट-सेकंदांत लिहिताना सेकंदाचे अपूर्णांक सोडून दिले असतील तर तेवढ्यानेच तीस मीटरपर्यंत फरक पडतो, कारण अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे एकतीस मीटर. म्हणून तुलना करताना नावाच्या पिनची तुलना करू नका, दोन्ही चित्रांत डोळ्यांना दिसणारी एकच वस्तू धरा. तुम्ही तळं धरलंत ते योग्यच केलंत.

आता स्वतः मोजायचं कसं. साध्या फोनने हे होतं, माझ्यासारखा रिसीव्हर लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली आजचा फोन साधारण पाच मीटरच्या आसपास जागा सांगतो, आणि आपण शोधतोय ती चूक पंचवीस मीटरची आहे. नकाशाच्या ॲपमधल्या निळ्या ठिपक्यावर जाऊ नका, रस्ता दाखवणारी ॲप तो ठिपका कधीकधी जवळच्या रस्त्यावर ओढून ठेवतात. अक्षांश, रेखांश आणि अंदाजे अचूकता थेट आकड्यांत दाखवणारं जीपीएसचं ॲप घ्या, दशांशानंतर निदान पाच आकडे दिसू द्या.

जागा निवडताना कातळापासून लांब राहा. बालेकिल्ल्याच्या दरवाजात उभं राहून घेतलेलं माप मी कधीच वापरणार नाही. तिथे अर्धं आकाश कड्याने झाकलेलं असतं आणि उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून वळसा घेऊन येतो, तेव्हा फोन अचूकता चार मीटर दाखवत असतानाही माप वीस मीटरने चुकू शकतं. दरवाजा चढून, जननी मंदिरावरून पुढे आल्यावर चंद्रतळ्याची कड लागते, ती यासाठी उत्तम. वर आकाश मोकळं आणि दोन्ही चित्रांत ओळखू येणारी. पाण्याची कड मात्र धरू नका, पाणी हिवाळ्यात एका जागी आणि मे महिन्यात दुसऱ्या. खोदलेल्या कातळाचा कोपरा धरा. फोन हातात न धरता दगडावर ठेवा, दहा मिनिटं थांबा, दर मिनिटाला आकडा लिहा आणि सरासरी काढा. शक्य असेल तर मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा मोजा, कारण तोपर्यंत डोक्यावरच्या उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन दिवसांची सरासरी पाच-सहा मीटरांत जुळली तर ते माप विश्वासाचं.

घरी आल्यावर दोन्ही नकाशांत तोच कोपरा दाबून धरा आणि दिसणारे आकडे उतरवून घ्या. राजगडाच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण दिशेला ०.०००१ अंश म्हणजे अकरा मीटर, पूर्व-पश्चिम दिशेला साडेदहाच्या थोडं वर. एवढ्यावर कागदावरच फरक निघतो. एकच जागा मोजून थांबू नका. पायथा, माची, माथा अशा तीन जागा घेतल्यात तरच चूक कोणत्या जातीची आहे ते कळेल.

धुक्यातल्या वाटेबद्दल आता स्पष्ट सांगतो, कारण तुम्ही माणसं घेऊन जाता. सॅटेलाइट चित्रावर बोटाने आखलेली वाट कड्याजवळ वापरू नका. संजीवनी माची लांबवर पसरलेली आणि अरुंद आहे, सुवेळा माचीच्या टोकाकडेही तसंच. तिथे पंधरा मीटरची चूक म्हणजे तटाच्या आत की तटाच्या बाहेर एवढा फरक. आणि कड्याच्या काठावरच उंचीचं मॉडेल सर्वांत जास्त चुकतं, म्हणजे जिथे अचूकतेची गरज सर्वांत मोठी तिथेच चित्र सर्वांत कच्चं असतं. त्याऐवजी लोकांनी प्रत्यक्ष चालत नोंदवलेले जीपीएस ट्रॅक घ्या. एकच ट्रॅक नको, वेगवेगळ्या दिवसांचे आणि वेगवेगळ्या फोनचे आठ-दहा एकावर एक ठेवा. ते जिथे एका जाड दोरासारखे जुळून येतात ती वाट खरी, भले चित्रात ती झाडीतून किंवा हवेतून जाताना दिसो. जिथे ते विस्कटतात, चोर दरवाजाखालच्या कातळटप्प्यात हमखास विस्कटतात, तिथे सिग्नलच धड मिळत नाही आणि फोन खिशात ठेवून रेलिंग आणि माणसाचा आवाज धरून चालावं. आम्ही फील्डवर असतो तेव्हा कड्याच्या बाजूला पन्नास मीटरचा पट्टा वगळूनच वाट ठरवतो आणि दिसेनासं झालं की थांबतो.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशात तुम्ही किंवा तुमच्यातले कोणी भर घालत असाल तर एक गोष्ट जपा. गडांच्या कित्येक वाटा आणि तटबंद्या तिथे कोणीतरी सॅटेलाइट चित्रावरून रेखाटलेल्या आहेत, म्हणजे त्या चित्राची चूक त्या रेषांत उतरलेली आहे. दुसरा कोणी दुसरं चित्र लावून येतो, रेषा ‘चुकलेली’ दिसते, तो ती आपल्या चित्राप्रमाणे सरकवतो, आणि तळं एका चुकीच्या जागेवरून दुसऱ्या चुकीच्या जागी जातं. नकाशा संपादित करायच्या तिथल्या साधनात चित्र सरकवून जुळवण्याची सोय आहे. आधी सार्वजनिक जीपीएस ट्रॅकचा थर चालू करा, चित्र त्यांच्याशी किंवा तुमच्या मोजलेल्या कोपऱ्याशी जुळवा, मग रेखाटा. पण बालेकिल्ल्यावर जुळवलेलं चित्र घेऊन तसंच पद्मावती माचीवर उतरू नका. वर पंचवीस मीटर सरकवलंत तर माचीवर आठच लागतात आणि गुंजवण्यात शून्य. प्रत्येक टप्प्यावर थांबून पुन्हा जुळवावं लागतं. वेळखाऊ आहे, माझी राजगडाची एक बाजू करायला दोन संध्याकाळी गेल्या. बदल साठवताना टिपणात लिहा की जागा प्रत्यक्ष मोजलेली आहे, कोणत्या महिन्यात आणि कशाने. पुढचा माणूस नवं चित्र बघून तळं पुन्हा हलवायला निघेल तेव्हा ते टिपण त्याच्या समोर असेल.